दहा खोकी आणि साडेबावन्न रियाल

आपल्यापैकी कितीतरी जणांचा, किंवा घरातल्या कुणाचा तरी, दिवस बिलं तपासण्यात जातो. कुणी अकाउंट्समध्ये, कुणी स्टोअरमध्ये, कुणी माझ्यासारखे त्यांची सॉफ्टवेअर बसवणारे. आज मी एका पत्राबद्दल सांगणार आहे. पर्चेस ऑर्डर आणि इन्व्हॉइस जुळत नाही म्हणून सप्लायरला लिहितात ते पत्र. मी ते एकदा चुकीचं लिहिलं आणि मग परत लिहिलं.

मस्कतमधल्या एका क्लायंटच्या ऑफिसात नेटवर्कचं काम होतं. रुवीतल्या एका छोट्या व्यापाऱ्याकडे ऑर्डर गेली. लॅन केबलची २४ खोकी, दर २८.५०० रियाल. भिंतीत बसवायचे डेटा सॉकेट २०० नग, दर १.२५०. पॅच कॉर्ड १५० नग, दर ०.८५०. बेरीज १,०६१.५००, त्यावर पाच टक्के व्हॅट ५३.०७५, एकूण १,११४.५७५ रियाल.

तिकडे भारतात ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, इथे दशांशानंतर तीन आकडे असतात, कारण एका रियालचे हजार बैसे. बैसा म्हणजे आपला पैसाच. १९७० पर्यंत इथे रुपया चालायचा, त्यातला हा शब्द मागे राहिला.

माल आला, आणि दोन दिवसांनी इन्व्हॉइसचा फोटो व्हॉट्सॲपवर आला. जरा तिरका, एक कोपरा दुमडलेला. खाली एकूण होती १,१६७.०७५. म्हणजे साडेबावन्न रियाल जास्त.

अशा वेळी आधी फोटोवर संशय घ्यायचा. अंधुक फोटोत शून्याचा आठ होतो, टिंब पुसलं की १.२५० चे बाराशे पन्नास होतात, कधी दुसरं पान आलेलंच नसतं. तपासायची सोपी रीत अशी की फोटोतल्या ओळींची बेरीज स्वतः करायची. केबल ६८४, सॉकेट ३००, पॅच कॉर्ड १२७.५००. बेरीज १,१११.५००. पाच टक्के व्हॅट ५५.५७५. एकूण १,१६७.०७५. बरोबर जुळलं! म्हणजे आपण आकडे नीट वाचले होते आणि बिलातलं गणितही बरोबर होतं. फरक होता तो ऑर्डरशी.

तो कुठल्या ओळीत आहे हे इथे सॉकेटच्या ३०० वरून दिसलंच. पण कधीकधी फक्त एकूण रक्कम वाचता येते. तेव्हा फरकातून आधी व्हॅट काढायचा. ५२.५०० भागिले १.०५ म्हणजे ५०. आता पन्नासला एकेका दराने भागून बघा. केबलच्या दराने भाग जात नाही, पॅच कॉर्डच्याही नाही. १.२५० ने बरोबर ४० येतात. चाळीस सॉकेट जास्त लावलेत. हा अंदाजच असतो, पुरावा नव्हे, पण कुठे बघायचं ते कळतं.

मग मी सिस्टीम उघडली. ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि इन्व्हॉइस, या तिन्हींची जुळणी करणारा भाग मीच बसवला होता. ऑर्डर २००, मिळाले २००, बिल २४० चं. माझ्या दृष्टीने निकाल लागला होता. क्लायंटच्या अकाउंटंटसाठी मी पत्र लिहून दिलं: “आपले इन्व्हॉइस चुकीचे आहे. एकूण रक्कम पर्चेस ऑर्डरशी जुळत नाही. सुधारून पाठवा. तोपर्यंत पेमेंट थांबवले आहे.”

अर्ध्या तासात शेठचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळेच जास्त लागलं. म्हणाले, “साहेब, दोनशे चाळीस नग तुमच्या स्टोअरमध्ये आहेत. तुमच्या माणसाची सही आहे. मी खोटं बिल लावत नाही.” त्यांचे अकराशे रियाल मी साडेबावन्नासाठी अडवून धरले होते, आणि छोट्या व्यापाऱ्याला महिन्याअखेर पगार द्यायचे असतात.

मी स्टोअरमध्ये गेलो. डिलिव्हरी नोटवर लिहिलं होतं ‘सॉकेट, १० खोकी’, खाली सही. स्टोअरकीपर म्हणाला, “दादा, दहाच येतात नेहमी.” एक खोकं फोडून मोजलं. चोवीस नग निघाले. आधी खोक्यात वीस यायचे, कंपनीने पॅकिंग बदललं होतं. शेठच्या माणसाने सवयीने दहा खोकी पाठवली, आमच्या माणसाने सवयीने दहा मोजली, आणि सिस्टीममध्ये सवयीनेच २०० भरले गेले. बिल बनवताना मात्र शेठच्या मुनिमाने खोक्यावरचा आकडा वाचला. सगळ्या साखळीत खरं मोजलेलं एकच कागद होतं, आणि मी त्यालाच चुकीचं ठरवलं होतं.

आमच्या सिस्टीमने काही चुकीचं केलं नव्हतं. तिला जे सांगितलं ते तिने जुळवलं. स्टोअरमध्ये खोकी आणि ऑर्डरमध्ये नग, असं असेल तर मधला गुणाकार कोण करतो ते विचारायला हवं होतं. ते मी विचारलं नव्हतं.

आधी मिळालेल्या मालाची नोंद २४० केली. मग दुसरं पत्र लिहिलं. मूळ इंग्रजीत होतं, मराठीत सांगतो:

“आपल्या इन्व्हॉइसची एकूण रक्कम १,१६७.०७५ रियाल आहे. आमच्या पर्चेस ऑर्डरप्रमाणे ती १,११४.५७५ होते. फरक ५२.५०० रियालचा असून तो फक्त सॉकेटच्या ओळीत आहे: ऑर्डर २०० नग, बिल २४० नग. दर आणि बाकीच्या ओळी जुळतात. आम्ही माल पुन्हा मोजला, २४० नगच मिळाले आहेत. आमची पहिली नोंद चुकीची होती, त्यामुळे आमचे आधीचे पत्र मागे घेत आहोत. ४० नग ऑर्डरपेक्षा जास्त आहेत. ते आपण परत घेऊन क्रेडिट नोट द्याल का, ते गुरुवारपर्यंत कळवावे. वाद नसलेली रक्कम ठरल्या तारखेला मिळेल. इन्व्हॉइस आणि सही केलेल्या डिलिव्हरी नोटची प्रत सोबत आहे.”

क्रेडिट नोटच का? अकाउंटंट म्हणत होता, बिलावर पेनाने रक्कम खोडू आणि कमी पैसे देऊ. एप्रिल २०२१ मध्ये ओमानात व्हॅट आल्यापासून ते चालत नाही. शेठ आपल्या व्हॅटच्या हिशोबात मूळ रक्कम दाखवणार, आपण खोडलेली दाखवणार, आणि दोघांचे कागद एकमेकांशी भांडणार. रक्कम कमी व्हायची असेल तर विकणाऱ्याने तसा कागद द्यावा लागतो.

शेठचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. चाळीस नग परत घेणं त्यांना अवघड होतं, कारण सुटे सोळा नग कोण विकत घेणार? एक अख्खं खोकं मात्र ते घ्यायला तयार होते. उरलेले सोळा क्लायंटने ठेवून घेतले, भिंतीतले सॉकेट तुटतातच. ऑर्डर २१६ नगांची करून घेतली. चोवीस नगांची क्रेडिट नोट आली, ३० रियाल अधिक दीड रियाल व्हॅट. द्यायचे राहिले १,१३५.५७५.

न फोडलेलं खोकं न्यायला शेठ स्वतःच आले. स्टोअरकीपरने चहा मागवला, आणि नवीन डिलिव्हरी नोटचा नमुना त्यांच्यापुढे ठेवला. त्यात खोक्यांच्या शेजारी नगांचा वेगळा रकाना होता.