कोठवर जाते?

हैदराबादचे महात्मा गांधी बसस्थानक मुसी नदीतील एका बेटावर वसले आहे. जुने लोक त्यास इमलीबन म्हणतात. तेथील फलाटांची संख्या सत्तरीच्या घरात जाते, आणि त्यांची विभागणी दिशांप्रमाणे असते. हे ध्यानी न घेता जो उतारू पहिल्या फलाटापासून पाट्या वाचीत निघतो, त्याची वेळ व पाय दोन्ही खर्ची पडतात.

लातूरचे एक वृद्ध दांपत्य श्रीशैलास निघाले होते. दुपारी दोनच्या सुमारास ते येथे उतरले. वेळ हाताशी आहे असे त्यांस वाटले. परंतु श्रीशैलाची वाट नल्लमलाच्या व्याघ्र-अरण्यातून जाते, व मन्ननूरच्या नाक्यावर रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत ती बंद असते. नाका तर तीन-साडेतीन तासांच्या अंतरावर. तेव्हा गाडी चुकली तर रात्र हैदराबादेतच काढावी लागणार.

गृहस्थ समोरच्या फलाटाकडे धावू लागले. पत्नी म्हणाली, "अहो, आधी चौकशीच्या खिडकीशी विचारा तरी." तेथे त्यांस फलाटाचा क्रमांक मिळाला. पाट्यांवरील तेलुगू अक्षरे वाचता आली नाहीत, तरी अंक ओळखीचेच होते; त्यांच्या आधाराने दोघे नेमक्या जागी पोहोचली.

तेथे एक गाडी उभीच होती. गृहस्थांनी विचारले, "श्रीशैल?" वाहकाने घाईत मान हलविली. बोचके वर चढले. तेवढ्यात पत्नीने पुन्हा विचारले, "ही गाडी कोठवर जाते, भाऊ?" उत्तर आले, "कल्वाकुर्ती." ते गाव त्याच रस्त्यावर, पण वाटेतच लागते. श्रीशैलाची गाडी तिच्यामागून त्याच फलाटास लागावयाची होती. दोघे खाली उतरली.

येथे चूक कोणाची? वाहक खोटे बोलला नाही. त्याची गाडी श्रीशैलाच्या वाटेनेच जात होती. फलाट दिशा सांगतो, मुक्काम सांगत नाही. गावाचे नाव घेऊन विचारले म्हणजे गोंगाटात होकार सहज मिळतो, 'कोठवर?' असे विचारले म्हणजे वाहकास गावाचे नाव उच्चारावेच लागते.

दुसरी अडचण याहून मोठी. काही दिशांच्या गाड्या या स्थानकात न शोधता सिकंदराबादच्या जुबिली बसस्थानकात पाहाव्या लागतात; करीमनगरकडील उतारूने हे विशेष ध्यानात ठेवावे. सन २०२० पासून दोन्ही स्थानके मेट्रोने जोडली आहेत, तरी सामान घेऊन ती ये-जा करण्यात तासभर जातोच. म्हणून खिडकीशी पहिला प्रश्न 'गाडी याच स्थानकातून सुटते ना?' हा असावा, आणि फलाटाचा त्यानंतर.

अर्ध्या तासाने श्रीशैलाची गाडी लागली. या वेळी गृहस्थांनीच विचारले, "कोठवर?"