उभा व्हिडिओ, आडवा पडदा
(प्रभागसंघाच्या बैठकीतल्या बोलण्यावरून)



पुढच्या महिन्यात तालुक्याला प्रदर्शन आहे आणि यंदा स्टॉलजवळ मोठा टीव्ही असणार आहे. प्रत्येक गटाने आपल्या मालाचा एक व्हिडिओ द्यायचा आहे. तुमच्याकडून आलेले जवळजवळ सगळे व्हिडिओ उभे आहेत, कारण फोन आपण उभाच धरतो. टीव्ही मात्र आडवा. त्यावर उभा व्हिडिओ लावला की मधे एक अरुंद पट्टी दिसते आणि दोन्ही बाजूंना काळं. मोजून सांगते, पडद्याच्या रुंदीचा एक तृतीयांश भागसुद्धा भरत नाही.

मग काही जणी व्हिडिओ बोटांनी मोठा करून पडदा भरतात. एका गटाचा पापडाचा व्हिडिओ घ्या. वर ताईंचा चेहरा, मधे पदर, खाली खाटेवर वाळत घातलेले पापड. रुंदी भरेपर्यंत तो मोठा केला की उंचीतला फक्त मधला तिसरा हिस्सा उरतो. चेहरा वर गेला, पापड खाली गेले, टीव्हीवर राहिला नुसता पदर! आणि आडवा ताणला तर ताई तिप्पट रुंद दिसतात. ते कोणालाच नको, बरं का.

यावर उपाय असा. तोच व्हिडिओ दोनदा वापरायचा. खाली मोठा करून पडदाभर पसरलेला आणि धूसर केलेला, त्याच्यावर मधोमध मूळ व्हिडिओ, पूर्ण आणि स्पष्ट. साडीतलंच कापड काढून ब्लाउज शिवावा तसं हे आहे. कडेचे रंग व्हिडिओतलेच असतात, म्हणून ते जुळतात. काळ्या पट्ट्यांसारखे डोळ्यांना टोचत नाहीत.

फोनवर InShot असेल तर हे काम ॲपच करतं. आधी व्हिडिओचं नको असलेलं पुढचं-मागचं कापून घ्या. मग Canvas मध्ये जाऊन 16:9 निवडा, म्हणजे चौकट आडवी होईल. मग Background मध्ये धूसर प्रकार निवडा. मधला व्हिडिओ वरून-खालून कापला जात असेल तर दोन बोटांनी लहान करून पूर्ण चौकटीत बसवा. शेवटी जतन करताना 1080p ठेवा.

दुसऱ्या एखाद्या ॲपमध्ये दोन्ही थर हातानेच ठेवावे लागले, तर दोन गोष्टी सांभाळा. खालच्या व्हिडिओचा आवाज बंद करा, नाहीतर दोन आवाज एकमेकांवर येऊन घुमतात. आणि कापाकापी आधी करून मगच प्रत काढा. एकच थर नंतर कापला तर मधे ताई पापड उचलत असतात आणि मागची सावली अजून लाटतच असते. टाळी वाजवली किंवा मान वळवली तेव्हा मागचं मागे-पुढे हललं, तर समजा जुळणी चुकली.

धूसरपणा किती? मागचा चेहरा ओळखू येत असेल तर कमी पडला, आणखी वाढवा. नुसते रंगाचे ढग दिसले पाहिजेत. उन्हात काढलेल्या व्हिडिओत मागचा भाग पांढराफटक होतो आणि नजर तिकडेच जाते. ॲपमध्ये खालचा थर वेगळा असेल तर तो थोडा काळसर करा.

कडेच्या मोकळ्या जागेत भाव आणि गटाचं नाव छान बसतं. पण अक्षरांमागे गडद पट्टी द्या, कारण मागचे रंग सतत बदलतात आणि पांढरी अक्षरं पांढऱ्यात हरवतात. पाकिटावरचं लेबल वाचता यावं म्हणूनही भाव वेगळा लिहाच. कडा भरल्या तरी मधला व्हिडिओ तेवढाच अरुंद राहतो. लांबून येणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यातलं लेबल दिसत नाही. धूसर कडांनी व्हिडिओ मोठा होत नाही, हे लक्षात असू द्या. म्हणून ज्यांचं शूटिंग अजून व्हायचंय, त्यांनी सरळ फोन आडवा धरावा. मग यातलं काहीच करायला नको.

आणखी एक. ही आडवी प्रत व्हॉट्सॲप स्टेटसला लावू नका. उभ्या फोनवर ती छोटी होते आणि तिच्या मधला व्हिडिओ आणखी छोटा, फोनच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. स्टेटसला मूळ उभाच लावा. त्यासाठी मूळ व्हिडिओ पुसू नका. धूसर कडांच्या प्रतीवर कोणी पुन्हा तेच केलं की चौकटीत चौकट होते.

मला पाठवताना व्हॉट्सॲपवर Document म्हणून पाठवा, नाहीतर दाब पडून चित्र फुटतं आणि मोठ्या टीव्हीवर ते लगेच कळतं. फाईलच्या नावात गावाचं आणि गटाचं नाव टाका. कोणाला अडलं तर सीआरपी ताईंकडे फोन घेऊन या, गुरुवारी मी ग्रामसंघाच्या कार्यालयात आहेच.