उलटे मांडलेले प्रमाण

५ वह्यांची किंमत ६० रुपये, तर ८ वह्यांची किती, या उदाहरणाखाली विद्यार्थ्याने ५/८ = क्ष/६० अशी मांडणी करून, तिरकस गुणाकार बिनचूक साधून, साडेसदतीस रुपये उत्तर लिहिले असेल, तर तपासनिसाने तांबडी फुली मारण्याची घाई करू नये; कारण आकडेमोड निर्दोष असून दोष उजव्या अपूर्णांकात आहे. डावीकडे ५ वर आहेत, म्हणून उजवीकडेही ५ वह्यांचीच किंमत, म्हणजे ६०, वर हवी; ५/८ = ६०/क्ष म्हटले की उत्तर ९६ येते.

हा दोष मुलाला स्वतःच दिसावा, यासाठी मी उत्तराशेजारी एवढेच लिहितो : ‘वह्या वाढल्या, मग पैसे घटले कसे?’ आणि प्रत्येक आकड्यापुढे ‘वह्या’ किंवा ‘रुपये’ हा शब्द लिहावयास सांगतो.

मात्र कोणी ८/५ = क्ष/६० असे दोन्ही अपूर्णांक उलटे मांडले, तर ते सर्वथा शुद्ध आहे; तेथे गुण कापणे हा अन्याय होय.

आणखी एक सावधगिरी. ६ मजूर जे काम १० दिवसांत करतात, ते ५ मजुरांना किती दिवस पुरेल, असे विचारले असता, माणसे घटली की दिवस वाढतात, म्हणून ६/५ = क्ष/१० हीच मांडणी योग्य ठरून उत्तर १२ दिवस येते; भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त यालाच व्यस्त त्रैराशिक म्हटले आहे. वह्यांच्या उदाहरणात मुलाने नकळत हीच रीत वापरली होती.