गिटारच्या तारा: स्टील, नायलॉन की कोटेड?

आज माझ्या एका चुकीपासून सुरुवात करतो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी अकूस्टिक गिटार घेतली. स्टीलच्या तारांची. आठवड्यात बोटांची टोकं इतकी दुखायला लागली, की ऑफिसमध्ये कीबोर्डवर टाइप करतानाही कळ यायची. एक मित्र म्हणाला, ‘नायलॉनच्या टाक, मऊ असतात.’ मी टाकल्या. बोटांना आराम पडला, पण आवाज गेला. एकदम मेल्यासारखा.

असं का झालं? स्टीलच्या लाइट सेटचा गिटारवर एकूण ताण साधारण ७० किलोच्या आसपास असतो. नायलॉनचा त्याच्या जवळपास निम्मा. माझ्या गिटारची लाकडी फळी स्टीलच्या ताणासाठी बनवलेली, नायलॉनने ती नीट हलतच नाही. शिवाय नायलॉनची तार जाड, त्यामुळे नटच्या बारीक खाचेत ती बसेना. उलटं तर अजिबात करू नका. क्लासिकल गिटारवर स्टील चढवलं, तर ब्रिज उखडू शकतो. म्हणजे नायलॉन हवं असेल, तर गिटारच क्लासिकल घ्यायची. तिचा आवाज गोड, मऊ असतो, पण नेक रुंद असतो.

मग माझा प्रॉब्लेम कसा सुटला? आधी बाराव्या फ्रेटपाशी पट्टी धरली. फ्रेटच्या माथ्यापासून सहाव्या तारेचं अंतर जवळपास ४ मिलिमीटर निघालं. अडीचच्या आसपास पुरतं. दुरुस्तीवाल्या काकांनी सॅडल खालून घासून तार खाली आणली. मग १२ ऐवजी १० नंबरचा सेट टाकला. हा नंबर म्हणजे पहिल्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. आवाज थोडा पातळ झाला, पण कॉर्ड धरता यायला लागले.

आता कोटेड. ही स्टीलचीच तार, वर पातळ पॉलिमरचा थर असतो. बोटांचा घाम आणि दमट हवा तारेच्या गुंडाळीत शिरत नाही. पावसाळ्यात माझ्या साध्या तारा महिन्याभरात काळ्या पडायच्या, कोटेड चार महिने टिकल्या. किंमत साधारण दुप्पट-तिप्पट, म्हणजे हिशेब जमतो. आवाजाची चमक किंचित कमी असते. आणि हो, कोटिंगमुळे बोटं सरकतात, पण दुखणं थांबत नाही. ते जाडी आणि उंचीवरच ठरतं.

तार संपली कशी ओळखायची? तारेखालून नख फिरवा. फ्रेटच्या जागी खड्डे लागले, किंवा मोकळी तार सुरात असूनही बारावा फ्रेट बेसूर वाजला, तर बदला.

तर नवशिक्यांनो, स्टीलची गिटार असेल तर आधी उंची मोजा, मग १० नंबरचा कोटेड सेट घ्या. तुमच्या गिटारवर किती मिलिमीटर भरलं, ते कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!