चेष्टा कुठं थांबते आणि टोमणा कुठं सुरू होतो

भाकऱ्या, धुणंभांडी उरकून रेडिओपाशी बसला असाल, तर आज जरा चेष्टामस्करीबद्दल बोलू. चेष्टेशिवाय आपलं घर चालत नाही. लग्नात मेहुण्या नवरदेवाचे जोडे लपवतात, नवरीचा भाऊ त्याचा कान पिळतो, भोंडल्याच्या गाण्यात तर सासरच्या एकेका माणसाची खोड काढली जाते. पण त्याच घरात एखादी चेष्टा वर्षभर मनात सलतही राहते. तशी एक माझ्याच हातून घडली, तीच सांगते.

आमचं गाव सोलापूरकडचं. घरात तिन्ही त्रिकाळ ज्वारीची भाकरी. माझी धाकटी जाऊ आली ती रत्नागिरीकडून. तिचा हात तांदळाच्या भाकरीला आणि घावनांना बसलेला. ज्वारीचं पीठ काही तिच्या हाताला वळेना. परातीत भाकरी थापायला घेतली की कडा चिरायच्या, उचलताना मधे तुटायची. एकदा मी म्हटलं, "अगं, आज कुठल्या जिल्ह्याचा नकाशा थापलास?" ती खळखळून हसली. भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, "आक्का, रत्नागिरीचा. बघा, हा समुद्र." आणि फाटलेली कड दाखवली. आम्ही दोघी पोट धरून हसलो. पुढं आठवडाभर रोज नकाशा चालला. कधी नांदेड, कधी नगर.

मग बचत गटाची बैठक आमच्या घरी होती. पंधरा बायका जमलेल्या, सासूबाई उंबऱ्याशी बसलेल्या. कुणीतरी विचारलं, "नवी जाऊ स्वैपाकाला कशी आहे?" मी मोठ्या झोकात म्हणाले, "स्वैपाक कसला, आमच्याकडं रोज भूगोलाचा तास असतो!" आणि नकाशाची गोष्ट रंगवून सांगितली. सगळ्या हसल्या. तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून मात्र तिनं परातीला हात लावला नाही. "आक्का, भाकरी तुम्हीच करा, मी भाजी बघते," एवढंच म्हणायची. नकाशाचं नाव पुन्हा निघालं नाही.

शब्द तेच होते. मग बिघडलं कुठं? मी बरेच दिवस विचार केला, तेव्हा मला तीन गोष्टी दिसल्या.

पहिली गोष्ट, ऐकणारी माणसं बदलली होती. चुलीपाशी आम्ही दोघीच होतो, आणि तिला मला उलट उत्तर देता येत होतं. बैठकीत सासूबाईंसमोर नवी सून काय उत्तर देणार? जिला उत्तर द्यायची मुभा नाही, तिची चेष्टा केली की ती एकतर्फी होते. दोघी मिळून हसलो तर ते हसणं. एकीवर सगळ्या हसल्या तर तिचं हसं होतं.

दुसरी गोष्ट मला नंतर कळली. आदल्याच दिवशी सासूबाई तिला म्हणाल्या होत्या, "माहेरी काही शिकवलं नाही वाटतं." म्हणजे भाकरीची जागा आधीच दुखरी झाली होती, आणि मी नेमकं तिथंच बोट ठेवलं. आज जी गोष्ट हसण्यावारी जाते, ती उद्या जाईलच असं नाही. म्हणून रूप, रंग, अंगलट, मूलबाळ, माहेरची गरिबी आणि नवऱ्याचं व्यसन या गोष्टींना चेष्टेत हातच लावू नये. तिथं जखम आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही.

तिसरी गोष्ट कबूल करायला जड जाते. रोज दोन माणसांच्या भाकऱ्या मला जास्त कराव्या लागत होत्या, त्याचा माझ्या मनात थोडा राग होता. तो त्या विनोदात उतरला. चेष्टा आणि टोमणा यातला फरक मला तिथं समजला. टोमण्याच्या पोटात तक्रार असते. "लेकी बोले सुने लागे" असं आपण म्हणतो ते हेच. तेव्हा बोलण्याआधी मनाला विचारावं, हिनं काहीतरी बदलावं म्हणून मी हे बोलतेय का? उत्तर हो असेल तर विनोद करू नये. एकटीला गाठून सरळ सांगावं.

आता तुम्ही म्हणाल, ती तर हसली होती, मग कळायचं कसं? हसण्यावर जाऊ नका, कारण चारचौघींत सगळ्याच हसतात. ती उत्तर देते का ते बघा. गंमत वाटली की बाई त्यात आपली भर घालते, जसा तिनं समुद्र दाखवला. लागलं असेल तर नुसते ओठ हसतात, नजर खाली जाते, पदर सारखा केला जातो, नाहीतर ती खुलासा देऊ लागते, "नाही हो, पीठच तसं होतं." आणि सगळ्यात मोठी खूण दुसऱ्या दिवशी मिळते. तो विषय ती आपणहून काढते की टाळते?

मी तिची समजूत काढायला गेले. "अगं, गंमत केली, किती मनाला लावून घेतेस" हे वाक्य तोंडावर आलं होतं, ते गिळलं. कारण त्यात चूक पुन्हा तिचीच ठरते. मी एवढंच म्हणाले, "त्या दिवशी सगळ्यांसमोर मी बोलायला नको होतं. चुकलं माझं." मग दोघी पीठ घेऊन बसलो. दळण जुनं झालेलं, पिठाची विरी गेलेली. अशा पिठाला नुसतं गार पाणी चालत नाही. आधणाचं पाणी घालून, जरा निवलं की तळव्यानं चांगलं रगडून मळावं लागतं, तेव्हा चिकटपणा येतो. पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर म्हटलं, "भाकरी तुटत होती ती माझ्या शिळ्या पिठानं." चारचौघींत झालेलं चारचौघींतच निस्तरावं लागतं.

मग मी तिला नीट बघू लागले. तिचा विनोद माझ्यासारखा मोठ्या आवाजाचा नाही. ती चेहरा अगदी गंभीर ठेवून हळूच एक वाक्य टाकते. एकदा तिनं मला घावन शिकवलं. माझ्या घावनाला जाळी काही पडेना, जाडजूड चिवट झालं. तिनं ते उलटसुलट पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "आक्का, याला काठ शिवला की पायपुसणं होईल." मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. आता आमचं तसंच चालतं. दोघींतच, हळू आवाजात, आणि बहुतेक वेळा आधी मी माझीच फजिती सांगते.

गटात हिशेब लिहिणारी एक मैत्रीण आहे, तिचं उलट. तिला सगळ्यांसमोर डिवचलेलंच आवडतं. "एक रुपया चुकला तर रात्री झोपत नाही" असं म्हटलं की ती वही आपटून चौघींना उत्तर देते. तिला ते सोसतं, कारण हिशेबात ती पक्की आहे हे सगळ्यांना माहीत आहे. जिथं माणूस भक्कम असतो तिथली चेष्टा त्याला गोड लागते. आणखी एक जण आहे, तिला स्वतःवरचा विनोद नकोच असतो, पण दुसऱ्यांचे किस्से ती जीव ओतून ऐकते. तिला मी फक्त किस्से सांगते.

परवा बैठकीत जावेनंच भाकऱ्या केल्या. गोल, पातळ, टम्म फुगलेल्या. मी गप्प बसून खात होते. तर तीच सगळ्यांसमोर म्हणाली, "आक्का, आज भूगोलाचा तास नाही का?" सासूबाईसुद्धा हसल्या. विषय तिनं काढला होता, म्हणून मीही उत्तर दिलं, "आज सगळी पृथ्वीच गोल थापलीस, आता काय शिकवू?"

येते मैत्रिणींनो. नमस्कार.