साच्यातले पत्र आणि अनुभवाचे पत्र

(माजी विद्यार्थी आणि पालक यांच्या स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नोकरीच्या अर्जाबरोबर बहुधा दोन कागद जातात. एकात शिक्षण, गुण आणि पूर्वीच्या नोकऱ्यांची यादी असते. दुसरे असते सोबतचे पत्र. अर्जदाराने काय केले हे यादी सांगते. ते त्याने कसे केले आणि याच कामासाठी त्याला का घ्यावे, हे पत्राने सांगायचे असते. प्रत्यक्षात मात्र हे दुसरे पत्र एखाद्या तयार नमुन्यावरून उतरवलेले असते, आणि म्हणून ते न वाचताच बाजूला पडते. असे एक पत्र कसे बदलत गेले, हा आजचा विषय आहे.

बडोद्यातील एक तरुणी वाणिज्य शाखेची पदवीधर. औषधांच्या एका किरकोळ दुकानात तिने दोन वर्षे काम केले होते. औषधांच्या एका घाऊक विक्रेत्याला गोदामातील साठ्याच्या नोंदी ठेवण्यासाठी माणूस हवा होता. पगार बरा होता आणि वडिलांच्या आजारपणानंतर घराला त्याची निकड होती. तिने इंग्रजीत पत्र लिहिले. त्याचा आशय असा होता : ‘आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास मी स्वतःला भाग्यवान समजेन. मी कष्टाळू, प्रामाणिक आणि ध्येयनिष्ठ आहे. साठा व्यवस्थापनाचा मला समृद्ध अनुभव आहे. माझी कौशल्ये संस्थेच्या उत्कर्षास उपयोगी पडतील.’

या पत्रात खोटे काहीच नव्हते. दोष निराळाच होता. खालची सही झाकली, तर हेच पत्र कापडाच्या दुकानासाठी किंवा बँकेसाठी दुसऱ्या कोणीही पाठवले असते तरी चालले असते. साच्यातले वाक्य ओळखण्याची खूण हीच. जे वाक्य कोणाच्याही नावाखाली शोभते, ते कोणाविषयीच काही सांगत नाही.

थोरल्या बहिणीने तिला ते पत्र मराठीत सांगायला लावले. ‘समृद्ध अनुभव म्हणजे ग तू नेमके काय करतेस?’ या एका प्रश्नाने नमुन्यातली भाषा गळून पडली. उत्तरात दुकानाची मांडणी आली. तेथे सुमारे १,२०० प्रकारची औषधे होती. रुग्णांना औषधे देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टचे. आलेला माल बिलाशी ताडून पाहणे, प्रत्येक औषधाचा बॅच क्रमांक आणि मुदत संगणकात नोंदवणे, मुदत संपत आलेला माल वेळेवर परत पाठवणे, आणि इन्सुलिन ठेवलेल्या शीतकपाटाचे तापमान दोन ते आठ अंशांच्या दरम्यान आहे ना हे सकाळ-संध्याकाळ वहीत टिपणे, ही हिची कामे. ‘साठा व्यवस्थापन’ या दोन शब्दांत हे सारे दडून बसले होते.

याच बोलण्यात एक चूकही बाहेर आली. पहिल्याच वर्षी एका पातळ औषधाच्या १८ बाटल्या फळीच्या मागच्या रांगेत राहिल्या. नवा माल पुढे लावला गेला, जुना मागे पडला. कंपनी परतीचा माल तिने ठरवून दिलेल्या काळातच स्वीकारते. तो काळ उलटला, रक्कम जमा झाली नाही आणि तोटा दुकानाला सोसावा लागला. त्यानंतर तिने दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फळ्या तपासण्याचा नेम घातला. चार महिन्यांच्या आत मुदत संपणारा माल ती वेगळ्या कपाटात काढू लागली, आणि आधी मुदत संपणारे खोके पुढे लावू लागली.

ही चूक पत्रात लिहावी काय? घरात यावर बराच वाद झाला. आईचे म्हणणे, आपल्या हाताने आपले उणे कशाला दाखवायचे? बहिणीचे म्हणणे असे की, जिच्या हातून माल मागे राहिला, तिलाच तो मागे का राहतो हे ठाऊक असते. अखेरीस चूक लिहायचे ठरले, कारण तिचे कारण सापडले होते, उपाय झाला होता आणि तो उपाय अजूनही चालू होता. यांपैकी एक गोष्ट जरी नसती, तर त्या कबुलीने काही साधले नसते. प्रांजळपणा म्हणजे पापांची यादी नव्हे.

पहिला प्रांजळ खर्डा मात्र दुसऱ्या टोकाला गेला. त्यात अर्धे पान वडिलांच्या आजारपणाचे होते, आणि मालकांनी पगार वाढवला नाही ही तक्रारही होती. शिवाय ‘मुदतबाह्य मालाचे नुकसान मी शून्यावर आणले’ असे एक वाक्य होते. ते खरे नव्हते, कारण काही माल कंपन्या परत घेतच नाहीत. मुलाखतीत या शून्याचा हिशेब विचारला असता तर सारे पत्रच संशयास्पद ठरले असते. तक्रार गेली, आजारपण एका वाक्यात आले आणि आकडे वहीत दाखवता येतील तेवढेच राहिले.

शेवटी एका पानात बसलेल्या पत्रातील मुख्य परिच्छेद असा झाला :

‘मी दोन वर्षे औषधांच्या एका दुकानात सुमारे १,२०० प्रकारच्या औषधांच्या साठ्याच्या नोंदी ठेवत आहे. पहिल्या वर्षी माझ्या हातून १८ बाटल्यांची परतीची मुदत चुकली, कारण जुना माल नव्याच्या मागे राहिला होता. त्यानंतर मी दरमहा फळ्या तपासून चार महिन्यांत मुदत संपणारा माल वेगळा काढते. गेल्या १४ महिन्यांत परत जाण्याजोगा माल या कारणाने राहिलेला नाही. घाऊक गोदामात मी काम केलेले नाही. तेथील मालाची उलाढाल मोठी असते आणि तिची गती मला शिकावी लागेल. या नोकरीपूर्वीचे आठ महिने वडिलांच्या आजारपणामुळे मी घरी होते.’

‘प्रामाणिक’ हा शब्द येथे कोठेही नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही. गोदामाचा अनुभव नाही हेही तिनेच सांगून टाकले, त्यामुळे वाचणाऱ्याला ते शोधून काढावे लागले नाही. हा मजकूर पुढे सोप्या इंग्रजीत उतरवला गेला. आधी मराठीत विचार झाल्यामुळे इंग्रजीतही पोकळ विशेषण उरले नाही.

अशा पत्राची मर्यादाही ध्यानात घ्यावी. जेथे केवळ गुणांवरून किंवा छापील नमुन्यावरून निवड होते, तेथे ते वाचलेच जात नाही. नसलेली पात्रताही ते निर्माण करीत नाही. ते एवढेच करते की, मुलाखत कोठून सुरू व्हावी हे अर्जदार स्वतः ठरवतो. या तरुणीला बोलावणे आले, तेव्हा पहिला प्रश्न त्या १८ बाटल्यांचाच होता : ‘आमच्याकडे माल मागे राहू नये म्हणून काय कराल?’ तिने म्हटले, ‘आधी मला फळ्या पाहू द्या. माल एका बाजूने भरून दुसऱ्या बाजूने काढता येतो का, ते पाहावे लागेल.’ पुढचा अर्धा तास तिच्या गुणांची नव्हे, गोदामाच्या फळ्यांची चर्चा झाली. आणि ती निघाली तेव्हा तीन महिन्यांच्या उमेदवारीचा निरोप तिच्या हाती होता.