पेनल्टी कॉर्नर म्हणजे काय?

मैत्रिणींनो, २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये गुरजीत कौरच्या एकाच गोलवर आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला हरवलं. तो गोल पेनल्टी कॉर्नरवरचा.

गोलसमोर ‘डी’ अक्षरासारखी जागा आखलेली असते. तिथं बचाव करणारीच्या पायानं चेंडू अडला, की बहुधा पेनल्टी कॉर्नर मिळतो. एकजण मागच्या रेषेवरून चेंडू ढकलते. अडवायला गोलकीपर धरून पाचजणीच. चेंडू आधी डीबाहेर जायला हवा, मग आत आणून फटका मारायचा. बाहेर न नेताच मारला, तर गोल धरत नाहीत.

धसमुसळेपणा केला तर कार्ड. हिरवं दाखवलं की दोन मिनिटं बाहेर, पिवळं किमान पाच, लाल म्हणजे सामना संपेपर्यंत. तेवढा वेळ संघात एक खेळाडू कमी!